माजघरातला कन्सोल आणि घरातले दोन राउटर

चतुर्थीला देवगडजवळच्या आजोळी गेलो की पहिल्या दिवशी आरती, मोदक आणि गप्पा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला कोणीतरी हळूच विषय काढतो, "तू ह्या नेटचा काम करतंस ना?" गेल्या खेपेला विषय काढणारा माझा मामेभाऊ होता, अकरावीतला. त्याचा प्लेस्टेशन 5 माजघरात टीव्हीखाली ठेवलेला. तक्रार अशी की गेम डाउनलोड व्यवस्थित होतो, व्हिडिओ चालतात, पण मित्रांबरोबर खेळायला बसलं की निम्म्या वेळा जोडणीच होत नाही. झाली तर, "दादा, माका तेंचो आवाज येता, पण माझो आवाज तेंका जाणा नाय." आणि जोडणी टिकली तरी दर दोन-तीन मिनिटांनी पडद्यावरचा माणूस जागच्या जागी थिजायचा.

मामांनी त्यांच्या परीने उपाय केला होता. शंभर Mbps चा प्लॅन दोनशेचा केला होता. "स्पीड वाढयलंय, पैसे वाढयलंय, तरी ह्येची बोंब तीच."

ही बोंब स्पीडची नव्हतीच. ऑनलाइन खेळताना कन्सोल अगदी थोडी माहिती पाठवतो, सहसा एक Mbps सुद्धा लागत नाही. ती वेळेवर पोचावी लागते आणि बाहेरून कोणी हाक मारली तर ती कन्सोलपर्यंत यावी लागते, एवढंच. दोनशेचा प्लॅन यातलं काहीच करत नाही. म्हणून आधी घरात कोणते डबे आहेत आणि कोणाची तार कोणात गेली आहे ते कागदावर काढायला बसलो.

घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून मुलाच्या अभ्यासाची खोली. आतल्या भिंतीसुद्धा फूटभर जाड. ओटीवर खिडकीपाशी फायबरच्या कंपनीने बसवलेला पांढरा डबा. त्यातून एक लॅन केबल वाशांच्या कडेने माजघरावरून थेट अभ्यासाच्या खोलीत गेलेली. तिथे मामांनी बाजारातून आणलेला दुसरा डबा, दोन अँटेनांचा. त्याच्याच वायफायवर माजघरातला कन्सोल चालत होता. आणि टीव्हीच्या कपाटात, खोकंही न उघडलेला, पाच पोर्टचा एक स्विच. दुकानदाराने "लागेल" म्हणून दिलेला. घरात या तिन्ही वस्तूंना एकच नाव होतं : मॉडेम.

सगळा घोटाळा या एका नावात होता. मॉडेम, राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट ही चार कामं आहेत. डबे किती आहेत याचा त्याच्याशी संबंध नाही. एकच डबा चारही कामं करू शकतो, आणि दोन डबे एकच काम करायला लागले तर त्रास होतो.

ओटीवरचा पांढरा डबा घ्या. रस्त्यावरच्या खांबावरून आलेल्या फायबरमध्ये प्रकाश असतो, आणि कन्सोलला प्रकाश कळत नाही. तो प्रकाश विजेच्या संकेतात बदलायचा, हे मॉडेमचं काम. फायबरच्या बाबतीत त्या भागाला ओएनटी म्हणतात. बोलीत मॉडेम म्हटलं तरी बिघडत नाही, काम तेच. त्याच्याकडून कन्सोलला हवं असतं ते इतकंच की बाहेरची वाट सुरू असावी. ती तपासायलाही सोपी : PON लिहिलेला दिवा स्थिर आणि LOS लिहिलेला दिवा विझलेला असला की झालं. LOS लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही आहे. माडाचं झावळ पडून तार तुटली असेल, किंवा कोणीतरी खिळ्याभोवती फायबर दुमडून गुंडाळलं असेल. तेव्हा घरातल्या कोणत्याही सेटिंगला हात लावून उपयोग नाही, कंपनीच्या माणसाला बोलवायचं. आमच्याकडे दोन्ही दिवे जसे हवे तसे होते. मॉडेम सुटला.

त्याच पांढऱ्या डब्याच्या पोटात राउटरही आहे. राउटर म्हणजे ओटीवर बसलेले आजोबा. पोस्टमनला घराचा पत्ता ठाऊक, घरात कोण कोण आहे ते नाही. आतला माणूस बाहेर पत्र पाठवतो तेव्हा आजोबा वहीत टिपून ठेवतात की अमक्याने तमक्याला लिहिलं. उत्तर आलं की वही बघून बरोबर त्या माणसाच्या हातात देतात. घराचा बाहेरचा पत्ता एकच असतो, आत मात्र प्रत्येकाला आजोबा वेगळा पत्ता देतात, 192.168 ने सुरू होणारा. या वहीच्या कारभाराला नॅट म्हणतात, आणि कन्सोलच्या पडद्यावर दिसणारा NAT Type हा या वहीचाच दाखला.

खेळात एक वेगळी अडचण येते. तिथे नुसती उत्तरं येत नाहीत. रत्नागिरीच्या मित्राचा कन्सोल आपणहून तुमच्या दारात येतो, वहीत नोंद नसताना. अशा वेळी आजोबा अनोळखी माणसाला परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून कन्सोल आधीच त्यांना सांगून ठेवतो : माझ्याकडे अमक्या दाराने कोणी येईल, आत सोडा. हे सांगण्याची पद्धत म्हणजे यूपीएनपी.

आता आमच्या घरात काय झालं होतं ते पाहा. अभ्यासाच्या खोलीतला दुसरा डबाही राउटर होता. म्हणजे ओटीवर एक आजोबा, आणि आतल्या दाराशी दुसरे, त्यांची स्वतःची वेगळी वही घेऊन. मुलाने आतल्या आजोबांना सांगितलं, मित्र येणार आहे. त्यांनी मान डोलावली. ओटीवरच्या आजोबांना कोणी काही सांगितलंच नाही. मित्र ओटीवरूनच परत.

हे मी अंदाजाने सांगत नाही. कन्सोलवर Settings, मग Network, मग Connection Status मध्ये View Connection Status उघडलं की त्याचा पत्ता दिसतो. तो होता 192.168.0.105, आणि Default Gateway, म्हणजे त्याचे आजोबा, 192.168.0.1. ओटीवरच्या डब्याच्या खालच्या चिकटपट्टीवर मात्र 192.168.1.1 छापलेलं. तिसरा आकडा वेगळा. कन्सोल ओटीवरच्या राउटरचा नव्हताच. त्याच वायफायवर लॅपटॉप जोडून, वाटेत कोणते डबे लागतात ते दाखवणारी आज्ञा चालवून खात्री केली :

```
tracert -d 8.8.8.8
  1     4 ms    87 ms     3 ms  192.168.0.1
  2     6 ms   112 ms     5 ms  192.168.1.1
```

पहिल्या दोन ओळींत दोन घरगुती पत्ते आले, म्हणजे वाटेत दोन राउटर. कन्सोलच्या Test Internet Connection मध्ये NAT Type 3 येत होता. टाइप 2 आला की सहसा सगळं चालतं. टाइप 3 म्हणजे ज्याचं दार उघडं आहे अशाशीच कसाबसा जोडला जाणार. निम्म्या वेळा जोडणी होते आणि निम्म्या वेळा होत नाही, ते यामुळे.

त्या दोन ओळींत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मधला आकडा पाहा : 87. घरातल्या घरात, एका भिंतीपलीकडच्या डब्याकडे जाऊन यायला कधी तीन मिलिसेकंद, कधी ऐंशीच्या वर. सलग पन्नास वेळा पिंग केलं, म्हणजे त्या डब्याला हाक मारून उत्तर यायला लागणारा वेळ मोजला, तेव्हा बहुतेक उत्तरं पाचच्या आत आली, पण मधेच 140, 180 आणि दोनदा उत्तरच नाही. माणूस थिजायचा तो यात. जांभा दिसायला सच्छिद्र असला तरी फूटभर जाडीचा असतो, त्यात पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि पाणी वायफायच्या लहरी गिळतं, 5 GHz च्या तर जास्तच. मामेभावाने स्वतः सांगितलं की मे महिन्यात एवढा त्रास नसतो. ते मला पटलं, जरी मेमध्ये मोजायला मी तिथे नव्हतो.

म्हणजे दुखणी दोन होती : मित्र दारातून परत जात होता ते दोन राउटरमुळे, आणि खेळ थिजत होता तो भिंतीमुळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडला नसता.

कागदावर नवा नकाशा काढला. ओटीवरचा डबा मॉडेम आणि राउटर राहील, घरात वही फक्त त्याच्याकडे. माजघरात स्विच येईल आणि कन्सोल तारेने त्याला जोडला जाईल. मागच्या खोलीतला डबा राउटरपण सोडून फक्त ॲक्सेस पॉइंट होईल.

स्विचबद्दल घरात शंका होती. मामा म्हणाले की एका तारेच्या तीन तारा केल्या की स्पीड तीन ठिकाणी वाटला जाईल. तसं होत नाही. स्विच म्हणजे माजघरातला असा माणूस जो कोणाला पत्ते देत नाही, वही ठेवत नाही, फक्त कोण कोणत्या दाराशी बसला आहे ते लक्षात ठेवतो आणि वस्तू त्याच दाराकडे सरकवतो. टीव्ही बंद असेल तर सगळी वाट कन्सोलची. दोघे एकदम ओढायला लागले तरच वाटणी होते, आणि ती स्विच नसता तरी झालीच असती, कारण बाहेरची वाट एकच आहे. त्याने वाढणारा उशीर मिलिसेकंदाच्याही बारीक अंशात असतो. कन्सोलला स्विच असल्याचं कळतसुद्धा नाही. स्विचकडून एक मात्र होत नाही : राउटर काढून त्याच्या जागी तो लावला तर चालत नाही, कारण घरातल्यांना पत्ते द्यायला कोणी उरत नाही.

वाशांवरून जाणारी केबल माजघराच्या बरोबर मध्ये, टीव्हीच्या वर होती. ती तिथे कापली आणि दोन्ही तोंडांना नवे आरजे-45 क्लिप लावले. ओटीकडून आलेलं तोंड स्विचमध्ये, मागच्या खोलीकडे जाणारं तोंडही स्विचमध्ये, उरलेल्या तीन पोर्टपैकी एकात कन्सोल, एकात टीव्ही. कोणती तार कोणत्या पोर्टमध्ये हे बघायची गरज नाही, साध्या स्विचला सगळे पोर्ट सारखे.

मग माझी चूक झाली. मागच्या खोलीतल्या डब्याच्या मेनूमध्ये Access Point Mode असा पर्याय असता तर एका टिचकीचं काम होतं. हा जुना होता, त्यात तो पर्याय नव्हता, म्हणून हाताने करायचं ठरवलं. केबल त्याच्या बाहेरच्या वाटेसाठी असलेल्या निळ्या WAN पोर्टमधून काढून घरातल्या यंत्रांसाठी असलेल्या पिवळ्या LAN पोर्टमध्ये खुपसली आणि चहा प्यायला गेलो. पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून मामी. "माझा नेट खंय गेला?"

गेला तो माझ्यामुळे. केबल LAN मध्ये आली म्हणजे दोन्ही डबे आता एकाच घरात आले, पण मागचे आजोबा अजून पत्ते वाटतच होते. मामीच्या फोनने पत्ता मागितला, मागच्या डब्याने आधी उत्तर दिलं आणि बाहेर जायचं तर माझ्याकडे ये म्हणून सांगितलं. त्याच्याकडे तर आता बाहेरची वाटच नव्हती. या भानगडीची खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे : वायफायची कांडी पूर्ण, काही फोन चालतात, काही नाहीत, आणि फोन बंद करून चालू केला की कधी नशीब उघडतं.

बरोबर क्रम असा. केबल आधी काढायची आणि लॅपटॉप त्या डब्याला एकट्याला जोडायचा. त्याच्या पानावर त्याचा स्वतःचा पत्ता 192.168.0.1 वरून 192.168.1.2 करायचा. ओटीवरचा डबा 192.168.1.10 पासून पुढचे पत्ते वाटतो हे मी आधी पाहून ठेवलं होतं, म्हणजे 2 हा आकडा दुसऱ्या कोणाला जाणार नव्हता. मग नव्या पत्त्यावर पुन्हा ते पान उघडून पत्ते वाटणारा DHCP Server बंद करायचा. आणि त्यानंतर केबल LAN पोर्टमध्ये. WAN पोर्ट कायमचा रिकामा, त्यावर मी चिकटपट्टी लावून टाकली, कारण पुढच्या वेळी कोणीतरी "इथली वायर निघालीय" म्हणून ती परत तिथे खोचणार याची मला खात्री होती.

आता तो डबा फक्त तारेतलं हवेत आणि हवेतलं तारेत आणतो. ॲक्सेस पॉइंट म्हणजे इतकंच. त्याचं वायफायचं नाव आणि पासवर्ड ओटीवरच्यासारखाच ठेवला, म्हणजे फोन घेऊन ओटीवरून परसात गेलं तरी नव्याने जोडावं लागत नाही. कन्सोलला मात्र त्याची गरज उरली नाही, तो तारेवर होता.

कन्सोलवर Set Up Internet Connection मधून तारेची जोडणी निवडली. पत्ता आला 192.168.1.14, गेटवे 192.168.1.1. एकच आजोबा. पण चाचणीत अजूनही टाइप 3! ओटीवरच्या डब्याचं पान उघडलं तर यूपीएनपी बंद. ते चालू करून कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला, आणि NAT Type 2 आला. (यूपीएनपीने घरातलं कोणतंही यंत्र राउटरला दार उघडायला सांगू शकतं. बागेत स्वस्तातले कॅमेरे लावलेत आणि त्यांचा पासवर्ड कधीच बदललेला नाही, अशा घरात मी ते सुखाने चालू ठेवणार नाही. इथे कॅमेरे नव्हते.)

इथे आमचं एक नशीब होतं. ओटीवरच्या डब्याच्या Status पानावर WAN IP म्हणून दिसणारा पत्ता खराखुरा सार्वजनिक होता. शेजारच्या घरी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन, त्यांच्याकडे तोच आकडा 100.80 ने सुरू झालेला. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते म्हणजे कंपनीने स्वतःच्या कार्यालयात आणखी एक आजोबा बसवले आहेत आणि एक बाहेरचा पत्ता पुष्कळ घरांमध्ये वाटला आहे. त्या वहीला घरातून हात लावता येत नाही. तिथे टाइप 3 येत असेल तर कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागणं एवढाच मार्ग, आणि त्याचे बहुतेक वेगळे पैसे पडतात. शेजाऱ्यांच्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याला मी काम टाळतोय असं वाटलं.

आता राहिली तार. माजघरातून लॅपटॉप स्विचला लावून पिंग केलं तर पन्नासच्या पन्नास उत्तरं एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी. थिजणं संपलं. पण डाउनलोडचा आकडा दोनशेच्या प्लॅनवर 94 वर अडकला. पुन्हा मोजला, 94. तिसऱ्यांदा 93. वायफाय असतं तर आकडा वरखाली झाला असता. असा भिंतीला टेकल्यासारखा 94-95 वर थांबला की समजायचं, केबल 1000 ऐवजी 100 Mbps वर बोलते आहे. स्विचवरही ओटीच्या केबलचा दिवा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा होता.

केबलमध्ये आठ तारा असतात. शंभरसाठी त्यातल्या चारच लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. हजारासाठी आठही हव्यात. बाकीच्या चारांपैकी एखादी तुटकी असली तर दोन्ही टोकं भांडत बसत नाहीत, गुपचूप शंभरावर तडजोड करतात, आणि नेट चालत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. मी आधी स्वतःचे नवे क्लिप तपासले. तारांचा क्रम बरोबर : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग ओटीवरच्या डब्यातलं जुनं टोक काढून उजेडात धरलं. आठ पितळी पात्यांपैकी शेवटच्या दोनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला. खिडकी समुद्राकडची, खारा वारा थेट त्या पोर्टवर. ते टोक कापून नवा क्लिप लावला आणि दिव्याचा रंग बदलला. डाउनलोड 190 च्या आसपास. डब्याची जागाही दोन हात आत, खिडकीपासून दूर केली.

मामांना आता आंब्याच्या मांगरापर्यंत नेट हवं होतं, साठ-सत्तर पावलं. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत जाते, तेव्हा अंतर अडचणीचं नव्हतं. तरीही मी नाही म्हटलं. उघड्यावरून दोन इमारतींमध्ये ताणलेली तांब्याची तार जवळपास वीज पडली की दोन्हीकडचे पोर्ट घेऊन जाते, कधी कन्सोलही. तिथे फायबर टाकायचं आणि दोन्ही टोकांना प्रकाश आणि वीज यांची अदलाबदल करणारे मीडिया कन्व्हर्टर लावायचे, काचेतून वीज वाहत नाही. ते काम दिवाळीनंतर, पाऊस संपल्यावर करू असं ठरलं.

एक काम मात्र लगेच केलं. राउटरसाठी मिळतो तो छोटा 12 व्होल्टचा यूपीएस तालुक्याच्या गावातून आणून ओटीवरच्या डब्याला लावला. ॲडॅप्टरवरचे आकडे वाचून, कारण मागच्या खोलीतला डबा 9 व्होल्टचा निघाला आणि स्विच 5 चा. तिघांना एकाच पिनवर चढवायची मामांची कल्पना महागात गेली असती.

रात्री आरतीनंतर मामेभाऊ खेळायला बसला. रत्नागिरीचा मित्र पहिल्या प्रयत्नात जोडला गेला, आवाज दोन्हीकडे. वीसेक मिनिटं मजेत गेली आणि लाइट गेली. काळोखात ओटीवरच्या डब्याचे हिरवे दिवे तेवढे व्यवस्थित चालू होते, टीव्ही आणि कन्सोल काळे. मामांनी बॅटरी त्याच्या तोंडावर मारून विचारलं, "आता ह्येका खंयचो डबो लावूचो?"